शब्दकोड्याचा साप्ताहिक गृहपाठ: पालकांना पाठवायचं पत्र तपासून द्याल का?

खडूवाली
चौथीला मराठी शिकवते. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे. वर्गात घरी मराठी बोलणारी मुलं आहेत, हिंदी-गुजराती बोलणारी आहेत, आणि ज्यांच्या आईवडिलांना मराठी कळतं पण वाचायचा कंटाळा येतो अशीही आहेत. दर शुक्रवारी एक शब्दकोडं घरी पाठवायचं ठरवलंय. पालकांना द्यायच्या पत्राचा मसुदा आणि पहिलं कोडं खाली देते. कुठे अडेल, काय चुकीचं समजलं जाईल, ते स्पष्ट सांगा.

*सप्रेम नमस्कार.*

*या शुक्रवारपासून दर आठवड्याला मुलांच्या वहीत एक शब्दकोडे चिकटवलेले असेल. वही मंगळवारी परत आणायची आहे. पहिले चार आठवडे नऊ चौकटींचे कोडे असेल, त्यानंतर पंचवीस चौकटींचे. एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. अडले तर वही मिटावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे.*

*एका चौकटीत एक अक्षर लिहावे. पेन्सिल वापरावी.*

*घरातल्या कोणीही मदत करावी, पण पेन्सिल मुलाच्याच हातात असावी. आधी क्लू मुलाला मोठ्याने वाचू द्या आणि तोच वेगळ्या शब्दांत सांगा. तरी सुचले नाही तर तो शब्द गाळून एखादे वाक्य बोला: "काल एवढा ... पडला की मैदानात तळे साचले." तेवढ्यानेही जमले नाही तरच पहिले अक्षर सांगा. पूर्ण शब्द सांगू नका. जिथे पहिले अक्षर सांगावे लागले त्या चौकटीच्या कोपऱ्यात मुलाने एक टिंब द्यावे. टिंबांचे गुण कापले जाणार नाहीत. कोणते शब्द वर्गात पुन्हा घ्यायचे ते मला त्यावरून कळेल.*

*कोड्याखाली 'घरचा शब्द' अशी एक ओळ आहे. कोड्यातल्या कोणत्याही एका वस्तूला तुमच्या घरी वेगळे नाव असेल, किंवा तुमची भाषा वेगळी असेल, तर तो शब्द तिथे देवनागरीत लिहावा.*

आणि हे पहिल्या आठवड्याचं कोडं, उत्तरांसकट:

```
पा | ऊ | स
ल  | ■ | का
क  | म | ळ
```

आडवे: १. मृगात येतो, छत्री उघडायला लावतो. ३. चिखलात रुजते, पाण्यावर फुलते.
उभे: १. ताकातल्या पातळ भाजीला लागतो. शाळेच्या सभेला येतात तेही. २. दुपारच्या आधीची वेळ.

समुद्रकाठ
छान आहे. आम्ही परदेशात असतो, लेक इथल्या रविवारच्या मराठी शाळेत जाते. हेच कोडं तिला आत्ता सोडवायला दिलं. 'पालक'वर जाम हसली, दोन्ही अर्थ एकाच शब्दात सापडले म्हणून. वीस मिनिटं लागली, सगळं जुळलं.

अडकित्ता
पत्र चांगलं आहे, पण दोन ठिकाणी पालक अडकतील.

पहिलं म्हणजे टिंब. मराठीत चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातलं टिंब म्हणजे अनुस्वार. मूल 'पाऊस' लिहील, मदत घेतली म्हणून टिंब देईल, आणि तुमच्याकडे 'पांऊस' पोचेल. खाली उजव्या कोपऱ्यात छोटी तिरपी रेघ मारायला सांगा.

दुसरं म्हणजे 'एका चौकटीत एक अक्षर'. हे वाक्य तुम्हाला पुरेसं वाटतं कारण तुम्ही मराठी कोडी सोडवत आला आहात. ज्याने फक्त इंग्रजी कोडी पाहिली आहेत तो बाप 'आंबा'ला तीन चौकटी शोधणार: आ, म, बा. 'पुस्तक'ला चार शोधणार. पत्रात नियम उदाहरणांनी सांगा. काना-मात्रा-वेलांटी अक्षराबरोबर त्याच चौकटीत, अनुस्वार आणि विसर्गही त्याच चौकटीत, जोडाक्षर कितीही लांब असलं तरी एकच चौकट. म्हणजे आंबा दोन, दुःख दोन, पुस्तक तीन, स्वयंपाक चार. रफाराचं उदाहरण वेगळं द्या, कारण मुलं तिथे हमखास चुकतात. 'सूर्य' उच्चारताना र आधी येतो म्हणून ती र ला स्वतंत्र चौकट देतात. सू, र्य, अशा दोनच.

उलट 'पाऊस'मधल्या ऊ सारखा सुटा स्वर मात्र स्वतःची चौकट घेतो. आई दोन, भाऊ दोन. हे सांगितलं नाही तर वरचा नियम वाचून मुलं ऊ ला पा च्याच चौकटीत कोंबायला बघतात.

गोलमाल
चौथीच्या मुलांना आणखी गृहपाठ कशाला? दप्तराचं ओझं आधीच किती आहे. आणि रोज रोज कोडी सोडवून शुद्धलेखन सुधारतं हे कुणी सांगितलं?

खडूवाली
गोलमाल, रोज नाही, आठवड्यातून एकदा आहे. अर्ध्या पानाचं. हे कोडं आलं की त्या आठवड्याचा दहा ओळी शुद्धलेखनाचा गृहपाठ बंद होणार आहे. पत्रात ते लिहायचं राहिलं, घालते.

अडकित्ता, टिंबाचं अजिबात लक्षात आलं नव्हतं. धन्यवाद.

मुक्कामपोस्ट
शुद्धलेखन सुधारतंच. कोड्याची गंमतच ती आहे की आडवा आणि उभा शब्द एकमेकांना तपासतात. चूक केली की जुळत नाही, मूल स्वतःच दुरुस्त करतं. पालकांना तपासायची गरजच नाही. पत्रात 'चौकटी जुळल्या म्हणजे उत्तर बरोबर' असं एक वाक्य टाका, पालकांचा भार हलका होईल.

अडकित्ता
मुक्कामपोस्ट, निम्मं बरोबर आहे. ताईंच्याच कोड्यावर बघा. नऊ चौकटींत मधली काळी, उरल्या आठ. त्यांतल्या फक्त चार कोपऱ्यांतून दोन शब्द जातात: पा, स, क, ळ. कडांच्या मधल्या चार, म्हणजे ऊ, ल, का, म, यांना साक्षीदार नाही. मुलाने 'पाउस' लिहिलं, ऱ्हस्व उ, तर कोडं एका अक्षराने तक्रार करणार नाही. ऊ च्या खाली काळी चौकट आहे.

कोपरे मात्र खरंच काम करतात. 'दुपारच्या आधीची वेळ' म्हटल्यावर मूल 'पहाट' म्हणेल. तीन अक्षरं आहेत, म्हणून बसलीशी वाटते. पण 'पाऊस'चा स आधीच तिथे आहे, त्यामुळे पहाट उडाली. 'चिखलात रुजते'ला एखादी आजी 'पंकज' सुचवेल. पं, क, ज, हीसुद्धा तीनच. 'पालक'चा क पहिल्या चौकटीत बसलेला असला की तेही उडतं. म्हणून पालकांना एवढं सांगा की अडलेल्या शब्दाशी झटापट करण्याआधी त्याला छेदणारे शब्द पुरे करा.

समुद्रकाठ
हे वाचून लेकीची वही पुन्हा उघडली. तिने 'सकाल' आणि 'कमल' लिहिलं होतं! दोन्हीकडे ल, त्यामुळे कोपरा व्यवस्थित जुळला आणि मी वर 'छान' लिहिलं.

अडकित्ता
हीच मोठी मेख. छेदणाऱ्या चौकटीत चूक पकडली जायची तर दोन शब्दांपैकी एक तरी बरोबर यावा लागतो. ळ चा ल करणारं मूल सगळीकडेच तसं करतं, म्हणून दोन्ही शब्द एकमेकांना खोटी साक्ष देतात. न आणि ण चं असंच होतं.

यावर चौकटी वाढवून उपाय होत नाही. क्लू बदलावे लागतात. एकाच कोड्यात 'वेल' आणि 'वेळ' दोन्ही घाला, लांब लांब ठेवून. 'मांडवावर चढतो' आणि 'घड्याळ दाखवते'. दोन्हीकडे 'वेल' लिहिलं की मूल थबकतं, एकच शब्द दोनदा कसा? काल-काळ, बाल-बाळ हेही चालेल. आणि घरच्यांसाठी एक काम: कोडं पुरं झालं की मुलाने सगळे शब्द मोठ्याने वाचायचे आणि आजी-आजोबांपैकी कुणीतरी, वही न बघता, फक्त ऐकायचे. वही बघणारा माणूस मनात आपोआप बरोबर शब्द वाचतो. ऐकणाऱ्याला 'सकाल' लगेच खटकतं.

समुद्रकाठ
हे फोनवरही जमेल. आजी नाशकात आहे, तिला चौकटी दाखवायचा खटाटोप वाचला.

वऱ्हाडीठेचा
'घरचा शब्द' ही ओळ आवडली, पण ती कोड्याखाली आहे आणि गोंधळ कोड्यात होणार आहे. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. क्लू आला 'वरणावर भुरभुरवतात, हिरवी असते' आणि चौकटी चार, तर पोरगं सांबार म्हणून तीन भरेल आणि चौथी रिकामी ठेवून रडत बसेल. त्याला चूक म्हणायचं का? घरी तर तोच शब्द आहे.

खडूवाली
चूक म्हणणार नाही. म्हणूनच ती ओळ ठेवली. पण तुमचं बरोबर आहे, मुलाला ओळीपर्यंत पोचायच्या आधीच रडू येईल. असं लिहू का: "तुमच्या घरचा शब्द चौकटींत मावत नसेल तर तो आधी 'घरचा शब्द' या ओळीत लिहून टाका. मग वर्गातला शब्द शोधा."

वऱ्हाडीठेचा
हो, क्रम उलटा केला की झालं. पहिले घरचा. आणि क्लूच्या शेवटी अक्षरसंख्या कंसात द्या. चौकटी मोजता येतात हे खरं, पण लहान मुलं काळ्या चौकटीपलीकडेही मोजत जातात.

आजोबा_सदाशिव
नातवाची अशी कोडी मी सोडवून घेतो. एक गोष्ट नम्रपणे सांगतो. हल्लीच्या कोड्यांत अशुद्ध शब्द असतात. 'कवी', 'गुरू' असे दीर्घ छापतात. मूळ संस्कृत शब्द कवि आणि गुरु. शिक्षकांनी तरी शुद्ध लिहावे.

अडकित्ता
काका, संस्कृतात कवि आणि गुरु हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. पण मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले तेव्हापासून मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात, संस्कृतातून आलेल्या शब्दांचाही. म्हणून कवी, गुरू. 'आणि', 'परंतु', 'तथापि' यांसारखी अव्ययं तेवढी सुटली. तुमच्या शाळेच्या काळी कवि हेच बरोबर होतं, म्हणजे तुम्ही चुकीचं शिकलात असं नाही.

गंमत अशी की शब्द पुढे वाढला की ऱ्हस्व परत येतो: कविता, गुरुवार. तेव्हा 'कवी' आणि 'कविता' दुसऱ्या अक्षराच्या चौकटीत छेदता येत नाहीत. 'कवी' आणि 'वीज' येतात, वी तोच आहे.

आजोबा_सदाशिव
'नांव', 'कांही' यांवरचे टिंबही तेव्हाच गेले ना. मला अजून सुटत नाही. ठीक आहे, नातवाच्या वहीत वी लिहू देतो. माझ्या वहीत वि.

खडूवाली
काका, पत्रात असं वाक्य घालते: "घरातल्या ज्येष्ठांनी शिकलेले काही शब्द आजच्या लेखनापेक्षा वेगळे दिसतील (कवि-कवी, नांव-नाव). वाद झाला तर दोन्ही रूपे वहीच्या समासात लिहून पाठवावीत." त्यावर वर्गात पाच मिनिटं बोलता येईल.

रात्रपाळी
तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुलांना स्वतः कोडं तयार करायला सांगणार असाल तर एक धोका. मुलगा फूल आणि फुगा एकाच चौकटीतून काढतो. कागदावर सुरेख दिसतं. पण फूलचा फू दीर्घ आणि फुगाचा फु ऱ्हस्व. घरी कुणाच्या लक्षात येत नाही.

खडूवाली
तो बेत आहेच, पाचव्या आठवड्यात. मोठ्या कोड्याची सुरुवात त्यांच्या छोट्या कोड्याने. 'फुगा'ला 'फुले' जोडायला सांगेन. फूल या शब्दात शेवटी अ आहे म्हणून आधीचा ऊ दीर्घ. फुले म्हटलं की शेवटचं अक्षर जड होतं आणि आधीचं ऱ्हस्व. मूल-मुले, सून-सुना, तसंच.

रात्रपाळी
'फुले' की 'फुलं'?

मुक्कामपोस्ट
अरे देवा. सुरू झालं.

रात्रपाळी
थट्टा नाही करत. चौकटीत ले आणि लं वेगळे आहेत. मूल बोलतं 'फुलं'. ताईंनी स्वतः पत्रात 'कोडे' लिहिलंय आणि इथे सगळीकडे 'कोडं' लिहितायत. मुलाने कोणतं भरायचं?

अडकित्ता
छापील कोड्यांत 'फुले' घेतात, औपचारिक लेखनाला धरून. बोलण्यासारखं लिहायचं तिथे शीर्षबिंदूही चालतो, म्हणून त्याला चूक म्हणता येत नाही. माझं मत, कोडं रचणाऱ्याने असे शब्द छेदाच्या चौकटीत आणूच नयेत. ती चौकट मोकळी असली की दोन्ही चालवून घेता येतं.

वऱ्हाडीठेचा
मग केळे, पान... नाही, पान चालेल. केळे, अंडे, मूल चालेल पण मुले नाही. अर्धा शब्दसाठा गेला की.

अडकित्ता
अनेकवचन टाळा, एकवचन घ्या, बराच साठा परत येतो. केळे-अंडे राहतातच. त्यांना शेवटचं अक्षर छेदाबाहेर ठेवा.

ओळखपाळख
कोडी शीटमध्ये बनवणार असाल तर अक्षरसंख्या आपोआप काढता येईल. मी हे करून पाहिलं:

```
=LEN("पुस्तक")
```

उत्तर ६ येतं. कारण संगणक प, ु, स, ्, त, क असे सहा तुकडे मोजतो. म्हणून काना-मात्रा-हलन्त वगळून फक्त व्यंजनं मोजा, चार येतील.

अडकित्ता
चार नाही, तीन. स आणि त एकाच चौकटीत आहेत. व्यंजनं आणि सुटे स्वर मोजा आणि त्यातून हलन्तांची संख्या वजा करा. पुस्तक: चार वजा एक. स्वयंपाक: स, व, य, प, क पाच, वजा एक, चार. सूर्य: तीन वजा एक, दोन. 'दऱ्या' आणि 'दर्या' दोघांनाही दोनच येतील, पण दुसरी चौकट सारखी नाही, एकीत दरीचं अनेकवचन आहे आणि दुसरीत समुद्र. ते नुसत्या मोजणीतून शीटला कळणार नाही.

इंग्रजीसाठी बनवलेल्या कोडं-जनरेटरचं छापील पान पालकांना देण्याआधी 'पुस्तक' घालून बघा. काही ठिकाणी पु, स्, त, क अशा चार चौकटी पाडतात, काही ठिकाणी उकाराला स्वतंत्र चौकट देतात आणि तो ठिपक्यांच्या गोलाखाली लटकलेला छापला जातो.

ओळखपाळख
खरंय, हलन्त वजा करायचं डोक्यात आलं नाही. दुरुस्त करतो.

पापडखार
आमच्याकडे घरी हिंदी. नवऱ्याला देवनागरी वाचता येतं म्हणून तो हौसेने मदतीला बसतो आणि तिथेच घोळ होतो. 'चूक केली की मिळते' या क्लूला 'शिक्षा' उत्तर आहे म्हटल्यावर तो म्हणाला, चूक केल्यावर शिक्षण कशाला मिळेल?

खडूवाली
हा मुद्दा पत्रात हवाच होता. लिपी तीच, शब्द तोच, अर्थ वेगळा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत ऊन म्हणजे लोकर, मराठीत सूर्याचं. अशा शब्दांचे क्लू मी महिन्यातून एकदा मुद्दाम घालेन आणि 'घरचा शब्द' ओळीत हिंदी अर्थ लिहायला सांगेन. घरातल्या हिंदी बोलणाऱ्याला तिथे खरंच काहीतरी सांगता येईल. जे पालक देवनागरी वाचत नाहीत त्यांच्यासाठी मुलाने क्लू वाचून दाखवायचा, पालकांनी स्वतःच्या भाषेत उत्तर सांगायचं, मराठी शब्द मुलाने शोधायचा.

आत्तापर्यंतचं धरून नियमांचा परिच्छेद असा बदलला आहे:

*एका चौकटीत एक अक्षर, त्याच्या काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, विसर्ग आणि जोडाक्षरासह. आंबा: दोन चौकटी. सूर्य: दोन. पुस्तक: तीन. सुटा स्वर वेगळ्या चौकटीत. पाऊस: तीन. पहिले अक्षर सांगून मदत केली असेल तर चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तिरपी रेघ मारावी. चौकटी जुळल्या तरी शब्द चुकलेला असू शकतो, म्हणून कोडे पुरे झाल्यावर मुलाने सगळे शब्द मोठ्याने वाचावेत आणि घरातल्या एकाने वही न बघता ऐकावेत. चूक सापडली तर खोडू नये, शेजारी बरोबर शब्द लिहावा. या आठवड्यात शुद्धलेखनाच्या दहा ओळी नाहीत.*

समुद्रकाठ
'खोडू नये' का?

खडूवाली
खोडलं की मला फक्त बरोबर शब्द दिसतो. ल चा ळ झाला की पाउसचा पाऊस, ते मला बघायचं असतं. पुढच्या आठवड्याचे क्लू त्यावर ठरतात.

वऱ्हाडीठेचा
छान झालं. 'फुले'चं काय ठरलं मग?

खडूवाली
पहिल्या चार कोड्यांत एकही तसा शब्द ठेवलेला नाही. पाचव्याचं पाचव्याला बघू.

रात्रपाळी
पाचव्याला मुलंच रचणार आहेत, ताई. ती 'फुलं'च लिहितील.